पंचगंगेच्या पूररेषेआधी डीईएमची परीक्षा: आरएमएसई आणि बायस

कोल्हापुरात पावसाळ्यात सगळ्यांचे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीकडे असते. तेथे ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी मानली जाते. या दोन पातळ्यांमधील अंतर ४ फूट, म्हणजे साधारण १.२२ मीटर आहे. उपग्रहावरून तयार झालेले, विनामूल्य मिळणारे भूउंचीचे मॉडेल घेऊन पंचगंगेच्या काठावर कोणत्या पातळीला कोणते शेत बुडेल याचा नकाशा काढायचा असेल, तर त्या मॉडेलची स्वतःची चूक या १.२२ मीटरपेक्षा कमी आहे की जास्त, हे आधी पाहावे लागते. ती जास्त असेल तर इशारा आणि धोका यांच्या दोन वेगळ्या रेषा काढण्यात काही अर्थ उरत नाही, कारण त्या रेषांमधील फरक पाण्याने पाडलेला आहे की मॉडेलच्या चुकीने, हे सांगता येणार नाही.

अशा मॉडेलला व्यवहारात डीईएम म्हणतात. जमिनीचे सारख्या आकाराचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एक उंची दिली की डीईएम तयार होतो. येथे आपण उदाहरणासाठी कोपर्निकस डीईएम घेऊ. जर्मनीच्या टॅनडेम-एक्स या जोड-उपग्रहांच्या रडारने प्रामुख्याने २०११ ते २०१५ या काळात केलेल्या निरीक्षणांवरून तो बनवला गेला. त्यातील एक चौकोन सुमारे ३० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत जवळजवळ नऊ गुंठ्यांचा असतो. या नऊ गुंठ्यांना मिळून एकच उंची मिळते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या तपासणीत ध्यानात ठेवावी लागते.

तपासणीची कल्पना सोपी आहे. जमिनीवर काही बिंदू निवडायचे, त्यांची उंची डीईएमपेक्षा कितीतरी अधिक अचूक साधनाने मोजायची, त्याच जागेची डीईएममधील उंची वाचायची आणि दोन्हींतील फरक काढायचा. हे बिंदू म्हणजे चेकपॉइंट. मॉडेल तयार करताना जे नियंत्रण बिंदू वापरले गेले, तेच तपासणीसाठी घेता येत नाहीत, कारण मॉडेल त्या बिंदूंवर बसवलेलेच असते आणि तेथील फरक कमी येणे स्वाभाविक असते. ड्रोनच्या सर्वेक्षणात हा नियम मोडलेला वरचेवर दिसतो. अहवालात छापलेली दोन-तीन सेंटिमीटरची चूक अनेकदा नियंत्रण बिंदूंवरची असते, आणि तिला अचूकता म्हणणे चुकीचे आहे.

उपग्रहाच्या डीईएमसाठी आरटीके पद्धतीचा जीएनएसएस रिसीव्हर, म्हणजे काठीवर बसवलेले आणि उपग्रहांच्या संदेशांवरून जागा व उंची सांगणारे यंत्र, पुरेसा आहे. योग्य रीतीने वापरल्यास तो उंची काही सेंटिमीटरपर्यंत देतो, आणि चूक मीटरमध्ये मोजायची असताना हे काही सेंटिमीटर सोडून देता येतात. ड्रोनच्या डीईएमची गोष्ट वेगळी आहे. तेथे मॉडेलची चूक ५ सेंटिमीटर आणि चेकपॉइंटची स्वतःची चूक ३ सेंटिमीटर असेल, तर चेकपॉइंटच्या चुकीकडे दुर्लक्ष करता येत नाही. अमेरिकेतील एएसपीआरएस या संस्थेच्या २०२३ च्या मानकात म्हणूनच चेकपॉइंटची चूकही हिशेबात धरायला सांगितले आहे, आणि किमान ३० चेकपॉइंट असावेत अशी अट घातली आहे.

बिंदू कोठे घ्यायचा, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. डीईएमचा चौकोन नऊ गुंठ्यांचा असताना तुम्ही काठी बांधावर टेकवली, तर बांधाची उंची आणि संपूर्ण शेताची उंची यांतला फरक तुम्ही विनाकारण मॉडेलच्या माथी माराल. म्हणून बिंदू सपाट किंवा एकसारख्या उताराच्या जागेच्या मधोमध घ्यावा आणि बांध, पाट, विहिरीचा कठडा, रस्त्याचा भराव, पूल यांच्यापासून दूर राहावे. त्याच वेळी सगळे बिंदू रस्त्याकडेच्या मोकळ्या मैदानांवर घेण्याचा मोहही टाळावा लागतो. गाडी उभी करून पाच मिनिटांत मोजता येणारी जागा सोयीची असते, परंतु पंचगंगेच्या काठावर बहुतेक जमिनीवर ऊस असतो, आणि ज्या जमिनीसाठी नकाशा करायचा त्या जमिनीवरच चेकपॉइंट नसतील तर तपासणी भलत्याच जागेची होते. उभ्या उसात शिरून उपग्रहांचे संदेश नीट मिळत नाहीत, त्यामुळे अशा शेतांची मोजणी तोड झाल्यावर, फड मोकळा असताना करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

मोजणी झाल्यावर लगेच फरक काढायला बसू नये, कारण त्याआधी उंची कशापासून मोजली आहे हे जुळवावे लागते. जीएनएसएस रिसीव्हर मूळात जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते. कोपर्निकस डीईएमची उंची मात्र ईजीएम२००८ या भूसमपातळीपासूनची, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासूनची असते. आपल्या भागात ही समपातळी लंबगोलाच्या ६० मीटरहून अधिक खाली आहे. त्यामुळे रूपांतर न करता वजाबाकी केली तर प्रत्येक बिंदूवर डीईएम साठ-सत्तर मीटरने उंच दिसतो. ही चूक इतकी ढळढळीत असते की ती सहसा लपत नाही. खरा घोटाळा लहान फरकांचा होतो. चेकपॉइंटची उंची जुन्या ईजीएम९६ वर आणली आणि डीईएम ईजीएम२००८ वर आहे, किंवा चेकपॉइंट भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणांवरून, आणले आहेत आणि डीईएम जागतिक समपातळीवर आहे, अशा वेळी उरणारा फरक जागेनुसार काही सेंटिमीटरपासून मीटरच्या आसपास असू शकतो. तो संशय येण्याइतका मोठा नसतो आणि सोडून देण्याइतका लहानही नसतो.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. पुढचे आकडे पद्धत समजावी म्हणून रचलेले आहेत, आणि हातानेही पडताळता यावेत म्हणून दहाच बिंदू घेतले आहेत. चिन्हाचा नियम आधीच ठरवून लिहून ठेवावा: फरक म्हणजे डीईएमची उंची वजा मोजलेली उंची. पहिल्या बिंदूवर डीईएम ५४२.९ मीटर सांगतो आणि मोजणी ५४१.३ मीटर, म्हणून फरक +१.६ मीटर. धन चिन्हाचा अर्थ, मॉडेल जमिनीपेक्षा वर आहे. अशा रीतीने दहा बिंदूंचे फरक मीटरमध्ये क्रमाने असे आले: +१.६, +२.३, +०.४, +१.९, +३.१, +०.७, +२.६, −०.२, +२.० आणि +१.६.

या फरकांची चिन्हासकट सरासरी म्हणजे बायस. बेरीज १६.० येते, तिला दहाने भागले की बायस +१.६० मीटर. मॉडेल सरासरीने इतके वर आहे.

आरएमएसई काढताना प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. वर्ग केल्यामुळे चिन्ह निघून जाते आणि मोठ्या चुकीला जास्त वजन मिळते: ३.१ मीटरच्या एका फरकाचा वर्ग ९.६१ होतो, तर ०.२ मीटरच्या फरकाचा केवळ ०.०४. आपल्या दहा वर्गांची बेरीज ३५.०८, सरासरी ३.५०८ आणि वर्गमूळ सुमारे १.८७ मीटर. स्प्रेडशीटमध्ये फरक `D2` ते `D11` या घरांत असतील, तर तीन ओळींत काम होते:

```
=AVERAGE(D2:D11)
=SQRT(SUMSQ(D2:D11)/COUNT(D2:D11))
=STDEV.P(D2:D11)
```

तिसरी ओळ प्रमाण विचलनाची आहे. फरक आपल्या सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत हे ती सांगते, आणि येथे ती सुमारे ०.९७ मीटर येते. या तीन आकड्यांचे एकमेकांशी पक्के नाते आहे: आरएमएसईचा वर्ग म्हणजे बायसचा वर्ग अधिक प्रमाण विचलनाचा वर्ग. पडताळून पाहा. १.६० चा वर्ग २.५६, ०.९७४ चा वर्ग ०.९४८, आणि दोन्हींची बेरीज ३.५०८. म्हणजे एकूण चुकीच्या वर्गापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा बायसचा आहे. नुसता "आरएमएसई १.८७ मीटर" एवढाच आकडा छापला असता तर हे कळले नसते. दुसऱ्या एखाद्या मॉडेलचा बायस शून्य आणि विखुरणे १.८७ मीटर असते, तरी आरएमएसई हाच आला असता, पण ती दोन मॉडेले वापरणाऱ्यासाठी पूर्णपणे वेगळी आहेत. पहिल्यात सगळी जमीन उचललेली आहे आणि पूर सतत कमी दिसेल. दुसऱ्यात काही ठिकाणी जास्त आणि काही ठिकाणी कमी दिसेल.

आरएमएसईला १.९६ ने गुणून "९५ टक्के ठिकाणी चूक इतक्याच्या आत" असे लिहिण्याची जुनी पद्धत अजून पुष्कळ अहवालांत दिसते. आपल्या उदाहरणात ते उत्तर अधिक-उणे ३.६७ मीटर येईल. पण हा गुणक फरक शून्याभोवती दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असतील तरच लागू पडतो. येथे ते १.६० भोवती पसरलेले आहेत, त्यामुळे त्याच गृहीतकावर खरा पट्टा साधारण −०.३ ते +३.५ मीटर असा निघतो. मॉडेल जमिनीखाली साडेतीन मीटर जाईल अशी भीती वाचणाऱ्याला दाखवण्याचे काही कारण नव्हते.

बायस कळल्यावर हात शिवशिवतात, हे मान्य. संपूर्ण डीईएममधून १.६० मीटर वजा करा, बायस शून्य होईल, आरएमएसई १.८७ वरून ०.९७ मीटरवर येईल आणि अहवाल देखणा दिसेल. नेमके येथे थांबून बिंदू कोठे घेतले होते ते पाहायला हवे. समजा, तिसरा, सहावा आणि आठवा हे तीन बिंदू शाळेचे मैदान, माळ अशा मोकळ्या जागी होते आणि उरलेले सात उसाच्या शेतांत होते. मोकळ्या जागेचे फरक +०.४, +०.७ आणि −०.२, म्हणून त्यांचा बायस +०.३० मीटर. उसातल्या सात बिंदूंचा बायस मात्र सुमारे +२.१६ मीटर. प्रत्येक गटाच्या आत विखुरणे केवळ अर्ध्या मीटरच्या आसपास राहते. आधी जे ०.९७ मीटरचे विखुरणे दिसत होते त्याचा मोठा भाग दोन वेगळ्या प्रकारच्या जमिनी एकत्र केल्यामुळे आला होता.

आता सगळीकडून १.६० मीटर वजा केले तर काय होईल? उसाची जमीन अजूनही अर्ध्या मीटरहून अधिक वर राहील आणि मोकळी जागा, जी जवळपास बरोबर होती, ती खऱ्या जमिनीच्या १.३० मीटर खाली जाईल. इशारा आणि धोका यांतील सगळे अंतर १.२२ मीटरचे आहे, हे आठवून पाहा. पूर्वी कोरडी दिसणारी शाळा आता कागदावर पाण्यात जाईल, उसाचा मळा कोरडा राहील, आणि तरीही आरएमएसई निम्म्यावर आलेला असेल. दोन्ही आकडे सुधारले म्हणजे मॉडेल सुधारले असे म्हणता येत नाही.

उसात हा फरक का पडतो याचे कारण रडारच्या लहरीत आहे. टॅनडेम-एक्सच्या रडारची लहर सुमारे ३ सेंटिमीटरची आहे, आणि इतकी आखूड लहर दाट पाल्यातून खाली फारशी उतरत नाही. ती पानांवरून परतते. म्हणून हे मॉडेल मूळात उघड्या जमिनीचे नसून रडारला दिसलेल्या पृष्ठभागाचे आहे: झाडीवर झाडीचे, वस्तीत छपरांचे, उसात उसाचे. वाढलेला ऊस तीन मीटरहून उंच असतो, तरी बायस तेवढा येत नाही, कारण मॉडेल एका दिवसाच्या निरीक्षणावर बनलेले नाही. वेगवेगळ्या वेळच्या फेऱ्या एकत्र करून ते तयार झाले आहे, आणि त्यात कधी उभा ऊस, कधी तोड झालेला फड, कधी नुकती लावण असे सगळेच मिसळलेले असते.

तपासणीत गडबड झाली तर ती ओळखायची कशी? काही खुणा ठरलेल्या असतात. बायस मोठा आणि विखुरणे लहान असेल, तेही सगळ्या प्रकारच्या जमिनींवर सारखेच, तर मॉडेलवर ठपका ठेवण्याआधी उंचीचा संदर्भ आणि काठीची उंची तपासावी. आरटीकेचा रिसीव्हर साधारण २ मीटरच्या काठीवर बसवलेला असतो. ती उंची यंत्रात भरायची राहिली तर सगळे चेकपॉइंट २ मीटर वर नोंदले जातात आणि फरक त्याच प्रमाणात उणे होतात. आपल्या उदाहरणात असे झाले असते, तर उसातला +२.१६ चा बायस जवळजवळ पुसला गेला असता, मोकळ्या जागा −१.७ दाखवू लागल्या असत्या, आणि ऊस उत्तम व मैदाने वाईट असा उलटाच निष्कर्ष निघाला असता. यावर उपाय जुनाच आहे: दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी उंची माहीत असलेल्या एखाद्या बेंचमार्कवर काठी ठेवून वाचन घ्यावे.

एकच बिंदू बाकीच्यांपासून फार दूर असेल, तर त्याची जागा पुन्हा पाहावी. समजा, अकरावा बिंदू पुलावर घेतला गेला किंवा नोंदीत आकडा चुकला आणि त्याचा फरक +९.० मीटर आला. तेवढ्या एका बिंदूने आरएमएसई १.८७ वरून ३.२५ मीटरवर जातो आणि बायस २.२७ वर. मध्यक मात्र १.७५ वरून फक्त १.९ होतो. म्हणून सरासरीशेजारी मध्यकही लिहावा, आणि दोन्हींत बरेच अंतर दिसले की एक-दोन बिंदू सगळा हिशेब ओढत आहेत असे समजावे. असा बिंदू काढून टाकायचा असेल तर त्यामागे जागेवरचे कारण हवे आणि ते अहवालात लिहिलेले हवे. केवळ फरक मोठा आहे म्हणून बिंदू वगळणे म्हणजे मॉडेलला हवे ते गुण देणे होय.

डोंगराळ भागात आणखी एक गोष्ट घडते. पन्हाळ्याच्या उतारांसारख्या जागी मॉडेल आडव्या दिशेने थोडे सरकलेले असेल, तर ती आडवी चूक उंचीची होऊन दिसते. २० अंशांच्या उतारावर १० मीटरचे सरकणे सुमारे ३.६ मीटरची उंचीची चूक निर्माण करते, एका बाजूच्या उतारावर अधिक आणि समोरच्या बाजूच्या उतारावर उणे. सरासरीत दोन्ही एकमेकांना खातात आणि बायस शून्याजवळ येतो, आरएमएसई मात्र मोठा राहतो. उताराच्या दिशेनुसार फरक मांडले की हे लगेच उघड होते. नदीकाठच्या सपाटीवर याची चिंता फारशी करावी लागत नाही.

बायसलाही स्वतःची अनिश्चितता असते. दहा बिंदूंवरून काढलेला १.६० मीटरचा बायस ९५ टक्के विश्वासाने साधारण ०.९ ते २.३ मीटरच्या दरम्यान कुठेही असू शकतो. गट पाडल्यावर तर मोकळ्या जागेसाठी तीनच बिंदू उरले, आणि तीन बिंदूंवर +०.३० हा आकडा शून्यापेक्षा खरोखर वेगळा आहे असे म्हणता येणार नाही. म्हणूनच ३० ची अट एकूण बिंदूंना लावून समाधान मानू नये. ज्या ज्या प्रकारच्या जमिनीबद्दल वेगळे विधान करायचे, त्या प्रत्येकासाठी पुरेसे बिंदू लागतात.

मग उसाच्या जमिनीतून २.१६ आणि मोकळ्या जागेतून काहीच नाही, अशी वेगवेगळी वजाबाकी करावी का? तत्त्वतः हे एकसारख्या वजाबाकीपेक्षा चांगले आहे. अडचण अशी की त्यासाठी ऊस कोठे आहे याचा नकाशा लागतो, आणि तो यंदाचा चालत नाही. रडारने जे शेत पाहिले ते २०११ ते २०१५ मधले होते. तेव्हा ऊस असलेल्या जागी आज घरे उभी असू शकतात, आणि तेव्हा भात असलेल्या जागी आज आडसाली ऊस. त्या काळातील उपग्रहचित्रांवरून पिकांचा नकाशा करून दुरुस्ती लावता येते, आणि ती लावल्यावर, दुरुस्ती ठरवताना न वापरलेल्या वेगळ्या चेकपॉइंटवर बायस आणि आरएमएसई गटवार पुन्हा काढावे लागतात. तेथे उसातले विखुरणे अर्ध्या मीटरवर टिकले, तर ३९ आणि ४३ फुटांच्या दोन वेगळ्या रेषा काढण्याचा विचार करता येईल. ते एक मीटरच्या पुढे गेले, तर एकच जाड पट्टा दाखवावा आणि बारीक रेषांसाठी लेझरने उंची मोजणाऱ्या लायडारच्या किंवा ड्रोनच्या सर्वेक्षणाची वाट पाहावी.